‘अंदाजे दोन तास’

एप्रिलमधल्या त्या रविवारी सकाळी सात वाजता धुळ्याच्या एकवीरादेवी मंदिरापाशी 21 जण जमले. पायी फेरीच्या पोस्टच्या कॅप्शनमध्ये मी लिहिलं होतं, ‘जुनं धुळे पायी, अंदाजे दोन तास, प्रत्येकी 150 रुपये.’ किती जणांना घेणार, हे लिहिलंच नव्हतं.

पांझरेच्या काठी जागा मोकळी, त्यामुळे 1872 च्या पुराची हकीकत सगळ्यांनी नीट ऐकली. फजिती झाली पूल ओलांडून पेठेत शिरल्यावर. इथल्या गल्ल्या सरळ आणि नंबरांच्या. इंग्रज अंमल आल्यावर कॅप्टन ब्रिग्जने धुळ्याला मुख्य ठाणं केलं, नवी पेठ वसवली आणि घरं बांधायला बिनभाड्याने जागा दिल्या. ही आखणी कळायला गल्लीच्या मधोमध उभं राहून दोन्ही टोकांकडे बघावं लागतं. 21 जण मधोमध उभे राहिले की दूधवाल्याची मोटारसायकल अडते, लोक दोन्ही कडांना पांगतात, आणि मागून आवाज येतो, “भाऊ, माले काहीच ऐकू नई येस.”

राजवाडे संशोधन मंडळापाशी पोचलो तेव्हा नऊ वाजून गेले होते आणि ऊन डोक्यावर यायला लागलं होतं. इतिहाससंशोधक वि. का. राजवाडे 31 डिसेंबर 1926 ला धुळ्यातच वारले, त्यांचा संग्रह जपायला मंडळ निघालं, एवढं सांगून आटोपतं घेतलं. खरं तर सगळ्यात जास्त बोलायचं होतं ते इथेच.

घरी येऊन हिशोब मांडला. निव्वळ चालणं 35 मिनिटं आणि पाच थांब्यांवरचं बोलणं मिळून एक तास, हे कधी बदलत नाही. बदलतो तो लोक गोळा होण्याचा वेळ. 21 जणांना प्रत्येक थांब्यावर आठ मिनिटं लागली, म्हणजे 40. आग्रा रोड तीन तुकड्यांत ओलांडला, त्यात 10 गेली. एकूण 145 मिनिटं. बारा जण असले तर गोळा व्हायला दोन-दोन मिनिटं, रस्ता एकदम, पाच मिनिटांत ओलांडता येतो, एकूण 110. ‘दोन तास’ चुकीचे नव्हते. ते बारा जणांचे होते.

बारा जणांत पैसे कमी पडतात, म्हणून फी 200 केली. फोनवर कॅप्शनच्या पहिल्या दोनच ओळी दिसतात, तेव्हा वेळ, जागा आणि पैसे वर घेतले :

‘जुनं धुळे पायी. रविवार, सकाळी 6.30 ते 8.30, एकवीरादेवी मंदिरापासून. प्रत्येकी 200 रुपये, चहा-नाश्ता वेगळा. जास्तीत जास्त 12 जण. पाचांपेक्षा कमी नावं आली तर फेरी रद्द, पैसे परत. मार्ग : पांझरेचा पूल, पेठेतल्या गल्ल्या, पाचकंदील, राजवाडे संशोधन मंडळ (बाहेरून). चाल सुमारे दोन किलोमीटर. फेरी मंडळापाशी संपते. गाडी मंदिरापाशी लावली तर रिक्षाने परत यावं लागेल.’