ब्रेकआउटनंतर कुठपर्यंत? एक्स्टेंशनच्या वहीतून

रिट्रेसमेंट, म्हणजे चढल्यावर भाव किती मागे येतो याची फिबोनाची मोजणी, आता बऱ्यापैकी हातात बसलंय, त्यामुळे या टप्प्यात वहीत फक्त एक्स्टेंशन, म्हणजे जुन्या हायच्या पलीकडच्या टार्गेटची मोजणी, घेतलं. ब्रेकआउट झाला, भाव जुन्या हायच्या वर बंद झाला, मग पुढे नफा कुठे बुक करायचा, एवढाच प्रश्न. त्यात एका गोष्टीने सगळ्यात जास्त वेळ खाल्ला. दोन वेगळ्या पद्धतींनी काढलेली टार्गेट एकाच जागी आली की आपण त्याला 'कन्फ्लुअन्स' म्हणतो आणि विश्वास वाढवतो. पुष्कळदा तो नुसता बेरीज-वजाबाकीचा खेळ असतो. या नोंदीत मुख्यतः त्याबद्दल.

आधी उदाहरण ठरवून घेऊ, म्हणजे पुढे आकडे शोधत बसायला नको. स्विंग लो 'क' ४०० ला, तिथून चढून स्विंग हाय 'ख' ५०० ला, मग भाव उतरून 'ग' ४६२ ला थांबला आणि वळला. पहिल्या चालीची लांबी १०० आणि रिट्रेसमेंट ३८ टक्के. त्यानंतर एक कँडल ५०४ ला बंद झाली. हा आपला ब्रेकआउट.

रिट्रेसमेंटच्या सगळ्या रेषा ४०० ते ५०० च्या आतच पडतात. ३८.२ टक्के म्हणजे ४६१.८, ५० म्हणजे ४५०, ६१.८ म्हणजे ४३८.२. या पट्ट्यात भाव नुकताच फिरून गेलाय, तिथे कुणीतरी घेतलंय, कुणीतरी विकलंय. शिवाय या मोजणीला तळ आहे: भाव ४०० च्या खाली गेला की ती चाल रद्द, रेषा पुसा. एक्स्टेंशनच्या रेषा ५०० च्या वर पडतात आणि त्यांना छत नाही. चालीच्या १.६१८ पटीची रेषा तुटली की २.०, ती तुटली की २.६१८, ही शिडी संपतच नाही. म्हणून 'टार्गेट चुकलं' असं म्हणायची सोयच उरत नाही, जोपर्यंत आपण आधीच लिहून ठेवत नाही की भाव ४६२ च्या खाली बंद झाला तर हा हिशेब बाद. वरच्या बाजूला जुने व्यवहार नसतील, म्हणजे भाव आजवरच्या सर्वोच्च पातळीवर असेल, तर त्या रेषांमागे गुणोत्तराशिवाय काहीही नसतं.

वापरही उलटा. रिट्रेसमेंट साधारणपणे एन्ट्रीसाठी, एक्स्टेंशन एक्झिटसाठी. ४६४ ला घेऊन ४४८ चा स्टॉप लावणाऱ्याची जोखीम १६ आहे आणि जुना हायच त्याला ३६ देतो. ५०४ ला ब्रेकआउटवर घेऊन स्टॉप ४६० ला ठेवणाऱ्याची जोखीम ४४. त्याला १.२७२ चं पहिलं टार्गेट, म्हणजे ५२७, मिळालं तरी हातात २३. हे गणित मांडल्यापासून १.२७२ हे माझ्यासाठी टार्गेट राहिलेलं नाही. तिथे फार तर थोडा माल हलका करायचा.

आता मोजणी. एक्स्टेंशन म्हणून दोन वेगळ्या गोष्टी चालतात आणि लोक त्या सर्रास एकमेकांत मिसळतात.

```
दोन बिंदू : टार्गेट = क + गुणोत्तर × (ख − क)
तीन बिंदू : टार्गेट = ग + गुणोत्तर × (ख − क)
```

लांबी दोन्हीकडे तीच, १००. फरक एवढाच की ती कुठून लावायची. दोन बिंदूंनी १.२७२ येतं ५२७.२ ला आणि १.६१८ येतं ५६१.८ ला. तीन बिंदूंनी ०.६१८ येतं ५२३.८ ला, १.० येतं ५६२ ला, आणि १.६१८ थेट ६२३.८ ला. म्हणजे कुणी नुसतं '१.६१८ चं टार्गेट' म्हणालं तर ते ५६१.८ असेल किंवा ६२३.८ असेल. मध्ये ६२ पॉइंटची दरी. वहीत गुणोत्तराच्या शेजारी 'दोन' की 'तीन' हे लिहायचंच, हा पहिला नियम.

(जाता जाता: बऱ्याच चार्टिंग टूलमध्ये रिट्रेसमेंट खालून वर ओढलं की ० वर आणि १ खाली येतो. मग त्याच टूलमधला १.६१८ वर नाही, खाली ३३८.२ ला दिसतो. आपल्याला हवी असलेली ५६१.८ ची रेषा तिथे उणे ०.६१८ असते. ओढण्याची दिशा उलटवा किंवा सेटिंगमध्ये रिव्हर्स करा.)

आणि आता ते गंमतीचं. वरच्या आकड्यांत ५६१.८ आणि ५६२ दिसले असतीलच. दोन पद्धती, एक जागा. पहिल्या नजरेत वाटतं की ५६२ ही भक्कम पातळी सापडली. पण 'ग' कुठे आहे? चालीच्या ३८ टक्के खाली. तिथून पूर्ण १०० मोजले तर 'क'पासूनचं अंतर १६२ होणारच. सर्वसाधारण रूपात लिहायचं तर तीन बिंदूंच्या गुणोत्तरात १ मिळवा, रिट्रेसमेंटचा अपूर्णांक वजा करा, की दोन बिंदूंचं गुणोत्तर मिळतं. १.० अधिक १ उणे ०.३८ म्हणजे १.६२. बाजाराने काही सांगितलेलं नाही, आपणच एक अंतर दोनदा मोजलंय.

हे सूत्र इतर रिट्रेसमेंटवर लावून पाहिलं तर आणखी मजा. समजा 'ग' ६१.८ टक्क्यांवर, म्हणजे ४३८.२ ला थांबला. तीन बिंदूंचं १.६१८ मग बरोबर दोन बिंदूंच्या २.० वर बसतं, दोन्ही ६००. इथेही 'कन्फ्लुअन्स' फुकटचा. आणि तीन बिंदूंचं ०.६१८? ते ५०० वर, म्हणजे 'ख'वरच. ब्रेकआउट होताना ते टार्गेट आधीच गाठलेलं असतं! तरीही चार्टवर त्याची रेषा ऐटीत उभी असते. याउलट 'ग' ५० टक्क्यांवर असेल तर तीन बिंदूंचं १.० येतं ५५० ला आणि दोन बिंदूंचं १.६१८ तिथून बारा पॉइंट वर, जुळणी नाही. म्हणजे पातळ्या जुळतात की नाही हे ठरतं रिट्रेसमेंट किती खोल गेलं यावरून. सोनेरी गुणोत्तरातून, म्हणजे १.६१८ मधून, आलेली गुणोत्तरं एकमेकांत बेरजेने गुंफलेली आहेत, म्हणून सोनेरी रिट्रेसमेंटनंतर सोनेरी एक्स्टेंशन जुळताना दिसतात.

तर मग खरी जुळणी कशाला म्हणायची? माझ्यापुरतं उत्तर असं की दुसरी पातळी याच तीन बिंदूंतून आलेली नसावी. चार्टवर डावीकडे, जुन्या काळात, ५६० च्या आसपास भाव अडून उलटलेला असेल तर ५६२ ला वजन आहे. ते नसेल तर मी दोन रेषांपैकी एकच ठेवतो. तीन बिंदूंची ठेवतो, कारण तिच्यात करेक्शन किती खोल होतं ही माहिती आलेली असते. दोन बिंदूंच्या मोजणीला भाव ४६२ पर्यंत उतरला की ४३८ पर्यंत, काही फरक पडत नाही.

अर्थात तीन बिंदूंची खोड म्हणजे 'ग' हलवायचा मोह. ब्रेकआउटनंतर भाव ५१६ ला जाऊन परत ४९७ ला येतो, हे नेहमीचं. मग हात शिवशिवतात की 'ग' ४९७ ला न्यावा. नेला की १.० चं टार्गेट ५६२ वरून ५९७ ला उडतं, आणि बाजाराने मात्र नवीन काहीच दिलेलं नसतं, उलट तो मागे आलेला असतो. ४९७ हा नव्या चालीतला बिंदू, त्याची लांबी वेगळी मोजायला हवी. म्हणून भाव 'ख'च्या वर बंद झाला की त्या क्षणी क, ख, ग तिन्ही गोठवतो. नुसती कँडलची शेपूट वर गेली तर गोठवत नाही, कारण तिथून भाव परतून ४६२ च्याही खाली गेला तर 'ग' खरोखरच बदलतो आणि टार्गेट खाली सरकतात.

वहीत निकाल कसा लिहायचा यावरही काम केलं. 'टार्गेट टच झालं का?' हा रकाना काढून टाकला. भाव ५०० वरून ६१० ला गेला तर वाटेतली प्रत्येक रेषा टच होते, काढलेली आणि न काढलेलीही. त्याऐवजी भाव कुठे थांबून वळला तो आकडा गुणोत्तरात लिहितो. उदाहरणार्थ ५४१ ला वळला तर दोन बिंदूंनी १.४१. आणि हे लिहिताना खूप रेषा काढायच्या नाहीत, याचं कारण कागदावर लगेच दिसतं. १.२३६, १.२७२, १.३८२, १.४१४, १.५ आणि १.६१८ एवढ्या सगळ्या रेषा घेतल्या आणि प्रत्येकीला वरखाली ३ पॉइंटची सूट दिली, तर ५२० ते ५६५ या ४५ पॉइंटच्या पट्ट्यातला सुमारे ३१ पॉइंटचा भाग झाकला जातो. म्हणजे त्या पट्ट्यात भाव डोळे मिटून कुठेही वळला, तरी तीनपैकी दोन वेळा तो 'फिबोवर वळला' असंच दिसणार. आता दोनच रेषा ठेवल्यात, तीन बिंदूंच्या १.० आणि १.६१८. त्यातही १.० ला सोनेरी गुणोत्तराशी काही देणंघेणं नाही. दुसरी चाल पहिलीएवढीच लांब, इतकं साधं गृहीतक आहे ते.

खालच्या बाजूचे ब्रेकडाउन सुरू केलेत आणि तिथे स्केलचा प्रश्न लगेच आडवा आला. भाव १०० वरून ४० ला पडला असेल तर साध्या स्केलवर दोन बिंदूंचं १.६१८ येतं २.९२ ला आणि २.० येतं उणे २० ला, जे शेअरच्या भावात शक्यच नाही. लॉग स्केलवर अंतराऐवजी पट मोजली जाते: पहिली चाल ०.४ पट, म्हणून १.६१८ येतं साधारण २२.७ ला आणि २.० येतं १६ ला. वर जाताना हा फरक एवढा ओरडून दिसत नाही, पण असतो. आपल्या उदाहरणात चाल १.२५ पट आहे, त्यामुळे लॉगवर तीन बिंदूंचं १.० हे ४६२ गुणिले १.२५, म्हणजे ५७७.५ येतं, साध्या स्केलपेक्षा १५.५ वर. पहिली चाल लहान असेल तर सध्या साध्या स्केलवरच ठेवतोय. चाल २५ टक्क्यांहून मोठी असेल तिथे दोन्ही आकडे शेजारी लिहायचे आणि भाव वळला कुणाच्या जवळ हे नोंदवायचं, असं ठरवलंय.