पतंगासारखी झालेली जाळी

मे महिन्यातली गोष्ट. धरमपेठेतल्या एका काकूंना जुईच्या वेलासाठी जाळी हवी होती, तीन फूट रुंद, सहा फूट उंच. लकडगंजातून सागाच्या पट्ट्या चिरून आणल्या, इंचभर रुंद, अर्धा इंच जाड. सहा उभ्या, बारा आडव्या, म्हणजे बहात्तर जोड. प्रत्येक जोडात दोन्ही पट्ट्यांना पाव-पाव इंच खोल खाच, म्हणजे एकमेकींत बसल्या की वरून सपाट.

उभ्या पट्ट्या एकत्र शिकंज्यात आवळून सगळ्यांवर एकदम गुण्याने रेघा ओढल्या, आडव्यांचंही तसंच केलं. एकेक पट्टी टेपने मोजत गेलं की केसभर फरक साचत जातो आणि शेवटच्या खाचा जुळत नाहीत. टोकाला तीन-तीन इंच सोडले होते, कारण खाच टोकाजवळ आली की पुढचा तुकडा निघून येतो. करवत रेघेच्या आतून चालवली, मधलं लाकूड पटाशीने काढलं. खाचा सुरेख झाल्या.

मग मला वाटलं, कडा खरबडीत आहेत, रंधा फिरवून घ्यावा. तिथेच घात झाला.

जाळी जोडली, प्रत्येक जोडाला एक अशा बहात्तर चुका, म्हणजे बारीक खिळे, मारल्या आणि उचलली. भाचा म्हणाला, "मामा, हे तं पतंगावानी होऊन राह्यलं!" खरंच, एका कोपऱ्याला धक्का दिला की चौकोन तिरपा. कर्ण मोजले, दोघांत दोन इंचांचा फरक. उलटा धक्का दिला की फरक उलटा. रंध्याने प्रत्येक पट्टी मिलिमीटरभर बारीक झाली होती आणि खाचा मात्र जुन्या रुंदीच्याच होत्या.

भाच्याने सुचवलं, जोडाला दोन-दोन चुका मारू. एका जोडावर मारून पाहिलं. खाचेत पाव इंचच लाकूड उरलेलं, दुसरी चूक जाताच ते चिरलं. एक चूक तर नुसती खिळीसारखी, पट्टी तिच्याभोवती फिरते. काटकोन धरतात त्या खाचेच्या भिंती. चूक फक्त जोड उचलू देत नाही.

काकूंना फोन करून एक दिवस मागून घेतला आणि अठराही पट्ट्या नव्याने केल्या. या वेळी आधी रंधा, मग रेघा, आणि खाचेची रुंदी टेपने न घेता तयार पट्टीच तिथे आडवी ठेवून टोकदार सुईने आखली. पट्टी अंगठ्याने दाबल्यावर अर्धी जाऊन अडली आणि मोगरीच्या हलक्या ठोक्याने बसली, तेव्हा जिवात जीव आला. मग बरोबर मध्ये बारीक भोक पाडून पाऊण इंची चूक मारली, मागे निघालेलं टोक लाकडाच्या रेषांना आडवं मोडून आत दाबलं. डोकी एका ओळीत यावीत म्हणून भोकांच्या जागा आधीच दोऱ्याने आखल्या होत्या.

चुका मारायच्या आधीच जाळी उभी करून हलवली. हलली नाही. दोन्ही कर्ण सारखे आले.

जुन्या पट्ट्या काकूंनी मिरचीच्या रोपांना आधाराला मागून घेतल्या.