आमची वाटचाल: इश्यू स्लिपा बंद केल्या तेव्हा

कुंडईच्या शेडमध्ये आम्ही पुठ्ठ्याचे खोके बनवतो. आधी मशीनवर दिलेल्या प्रत्येक रिळाची नोंद करणारी इश्यू स्लिप आणि प्रत्येक ऑर्डरला जॉब कार्ड असायचं. मग मोठ्या गिऱ्हाइकाने रोज लागेल तेवढाच माल मागायला सुरुवात केली. आज उतरलेला कागद परवा खोके होऊन जायचा, स्लिपा मात्र आठवडाभर लिहीत बसावं लागे. हिशेब बघणाऱ्या ताई एकदा वैतागून म्हणाल्या, "भाऊ, शेडमध्ये नसलेला माल अजून माझ्या वहीत आहे."

आमच्या सीएंनी बॅकफ्लश सुचवलं. कच्चा माल आणि मशीनवरचा अर्धवट माल, दोन्हींचं एकच खातं: रॉ अँड इन-प्रोसेस, आमच्या तोंडी 'आरआयपी'. कागद आला की आरआयपी नावे, पुरवठादार जमा. मजुरी, वीज, भाडं थेट विक्री मालाच्या खर्चात. मधल्या नोंदी नाहीत. महिनाअखेरी मोजणी करायची आणि उलट हिशेबाने खर्च काढायचा.

एका जूनचे आकडे सांगतो. आरआयपीत सुरुवातीला कागद १,८५,००० रुपयांचा होता, खरेदी १२,००,००० आणि अखेरच्या मोजणीत निघाला १,६५,०००. म्हणजे १२,२०,००० चा कागद खोक्यांत गेला: तयार माल नावे, आरआयपी जमा. तयार मालातला कागद आधी ६०,००० चा होता, अखेरीस ४०,००० चा उरला. म्हणून १२,४०,००० तयार मालातून विक्री मालाच्या खर्चात.

राहिली मजुरी-विजेची बाजू. महिन्याचे ४,८०,००० सगळे खर्चात टाकलेले, पण शिल्लक मालातही त्यांचा वाटा असतो आणि ताळेबंदात तो दाखवावाच लागतो. आरआयपीतला वाटा १५,००० वरून २०,००० झाला, म्हणून आरआयपी ५,००० नावे. तयार मालातला २४,००० वरून १६,००० वर आला, म्हणून तयार माल ८,००० जमा. फरकाचे ३,००० खर्चात वाढले. एकूण १७,२३,०००. माल थोडा असला की ही दुरुस्ती किरकोळ राहते. पावसात घाट बंद पडेल म्हणून आम्ही जास्तीचे खोके बनवून साठवले, त्या महिन्यात मात्र ही दुरुस्ती चांगलीच फुगली.

खरी गोम वजाबाकीत आहे. जे मोजणीत नाही ते खोक्यांत गेलं, असंच हे खातं धरतं. ओलावा धरून फेकलेला कागदही त्या १२,२०,००० तच. आम्हाला कळलं ते ताईंनी वेगळा ताळा घेतला म्हणून: जूनमध्ये झालेले खोके १,००,०००, ठरलेल्या मापाने एकाला ११.९० रुपयांचा कागद, म्हणजे ११,९०,०००. वरचे ३०,००० गेले कुठे? कोपऱ्यातल्या रिळांचे बाहेरचे थर दमट होऊन सुटले होते, पोरं ते सोलून रद्दीत टाकत होती. स्लिपा असत्या तर कदाचित त्याच आठवड्यात दिसलं असतं, हे कबूल.

आता रद्दीचं वजन रोज वेगळ्या वहीत लिहितो. अखेरच्या दिवशी अर्धवट रिळं काट्यावर चढवतो, नुसत्या नजरेने अंदाज धरत नाही. आणि रिळं भिंतीपासून दोन हात लांब, फळ्यांवर ठेवतो.