तांब्याचं वजन आणि ओ-रिंगचा डबा

«ताई, आमच्या स्टोअरमध्ये हजारभर आयटम आहेत आणि माणसं दोनच. सगळंच रोज मोजणं शक्य नाही. कशावर कडक लक्ष ठेवायचं आणि काय सैल सोडायचं, हे ठरवायचं कसं?»

एका वस्तूचे वर्षभरात किती नग स्टोअरमधून बाहेर गेले, त्याला दराने गुणा. आलेल्या रकमेप्रमाणे सगळ्या वस्तू मोठ्याकडून लहानाकडे लावा. वरच्या थोड्याशा वस्तूंमध्ये बहुतेक पैसा सापडतो, त्या ए. त्यांच्याखालच्या बी. उरलेली लांबलचक शेपटी सी. १९५१ मध्ये जनरल इलेक्ट्रिकमधल्या एच. फोर्ड डिकी यांनी ही रीत मांडली आणि तिचा गाभा आजही तेवढाच आहे. दोन तासांत यादी तयार होते. ती खरी आहे का आणि तिचं पुढे काय करायचं, यात मात्र माझी काही वर्षं गेली, म्हणून आमच्याच स्टोअरमधला हिशेब सांगते.

मी कोल्हापूरजवळच्या एमआयडीसीत एका छोट्या पंप कारखान्याचं स्टोअर सांभाळते. एक एचपीचे मोनोब्लॉक पंप, दिवसाला २०, वर्षाला ६,०००. स्टोअरमध्ये एकूण १,१४० आयटम आहेत, पण समजायला सोपं जावं म्हणून पंपात थेट जाणाऱ्या १३ वस्तूच घेते. आकडे गोल केले आहेत.

एका पंपाला दीड किलो वाइंडिंग वायर लागते, म्हणजे वर्षाला ९,००० किलो. ८०० रुपये किलोने ७२ लाख. मोटरची स्टँपिंग ३६ लाखांची, बिडाच्या कास्टिंगचा संच २४ लाखांचा. त्यांच्या खाली एकदम उतार लागतो: बेअरिंग ६ लाख ६० हजार, शाफ्टचा बार ५ लाख ४० हजार, कपॅसिटर ४ लाख २० हजार, मेकॅनिकल सील ३ लाख ६० हजार. उरलेल्या सहा वस्तू, म्हणजे खोका, व्हार्निश, नटबोल्ट, रंग, ओ-रिंग आणि नेमप्लेट, मिळून सहा लाख. सगळ्यांची बेरीज १ कोटी ५७ लाख ८० हजार. त्यातले जवळजवळ ८४ टक्के पहिल्या तीन वस्तूंचे आणि पुढचे साडेबारा टक्के मधल्या चारांचे.

ए कुठे संपवायचा, हे पुस्तकातल्या ७० किंवा ८० टक्क्यांवरून मी ठरवत नाही. यादीत उतार कुठे आहे ते बघते. आमच्याकडे २४ लाखांनंतर थेट साडेसहा लाख येतात, म्हणजे रेघ तिथेच मारायची. नेमक्या ८० टक्क्यांवर अडून बसलं असतं, तर २४ लाखांचं कास्टिंग बी मध्ये गेलं असतं आणि ते मला पटत नाही.

शीटमध्ये C रकान्यात वर्षाचा खप, D मध्ये दर, E मध्ये रक्कम आणि F मध्ये चढती टक्केवारी ठेवली की पुरतं:

```
E2: =C2*D2
F2: =SUM(E$2:E2)/SUM(E$2:E$1141)
```

E प्रमाणे उतरत्या क्रमाने लावताना पूर्ण तक्ता निवडा. एकच रकाना हलला तर नावं एकीकडे आणि रकमा दुसरीकडे होतात. खप म्हणजे इश्यू स्लिपवरचा आकडा घ्या, खरेदीचा नको, कारण मार्चमध्ये घेऊन ठेवलेला माल वापरला गेलेला नसतो. दर वर्षाच्या खरेदीच्या सरासरीचा धरा, वाहतूक धरून आणि ज्या जीएसटीचं क्रेडिट मिळतं तो सोडून. काळही पूर्ण बारा महिन्यांचा हवा. पंपांची मागणी उन्हाळ्यात चढते. फक्त एप्रिल ते जूनचा खप घेऊन कोणी यादी केली तर ती उन्हाळ्याची यादी होईल.

आता सगळ्यात जास्त घोळ जिथे होतो ते सांगते. आमच्या पहिल्या यादीत तांब्याच्याही वर, पहिल्या नंबरावर, नटबोल्ट आले होते: १ कोटी ८ लाख. नटबोल्ट आम्ही १०० नगांच्या डब्याने घेतो आणि डबा १५० रुपयांचा. असेंब्लीला मात्र सुटे देतो, वर्षाला ७२,००० नग. सिस्टीममध्ये दर डब्याचा होता आणि खप नगांचा. एका नगाचा दर दीड रुपया, म्हणजे खरी रक्कम १ लाख ८ हजार.

ही चूक वर तरंगली म्हणून दिसली. तिची उलटी बाजू धोक्याची असते, कारण ती खाली बुडते. बेअरिंग १० च्या पेटीने इश्यू होत होतं, स्लिपवर १,२०० असं लिहिलेलं, आणि दर मात्र एका नगाचा, ५५ रुपये. यादीत बेअरिंगसमोर ६६,००० आले आणि ते मुकाट्याने सी मध्ये, रंगाच्याही खाली, जाऊन बसलं. नुसती यादी वाचून हे कोणालाच कळलं नसतं. कळलं ते ताळा घेतल्यावर. हिशेब विभागाकडून सुरुवातीचा साठा, अधिक वर्षाची खरेदी, वजा अखेरचा साठा, एवढी एक रक्कम मागून घ्या. तुमच्या E रकान्याची बेरीज तिच्या जवळपास यायला हवी. आमचे नटबोल्ट दुरुस्त केल्यावरही सहा लाखांची तूट राहिली, ती शोधता शोधता बेअरिंगची पेटी सापडली. हा ताळा जुळल्याशिवाय वर्ग ठरवू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे.

वर्ग ठरले की नियंत्रणाचं काम सुरू होतं. तांब्यात एक टक्का फरक पडला तर वर्षाला ९० किलो, म्हणजे ७२,००० रुपये. आमच्या ओ-रिंगचा पूर्ण वर्षाचा खर्च २४,००० आहे. वर्षभरात एकूण एक ओ-रिंग हरवली तरी तांब्याच्या एका टक्क्याचा तिसरा हिस्सा होतो. म्हणून वायर आम्ही रोज जुळवतो: दिलेली वायर वजा परत आलेली, हे वजन वाइंड झालेले स्टेटर गुणिले दीड किलो अधिक तुकड्यांची भंगार, याच्याशी जुळलं पाहिजे.

एका वर्षी रोज पाव किलोच्या आसपास कमी पडू लागलं. ३० किलोच्या खपात पाव किलो कोणाच्या डोळ्यात भरत नाही. पण फरक रोज एकाच बाजूला जात होता. मोजणारा चुकत असला तर कधी जास्त, कधी कमी येतं. सतत कमीच येत असेल तर काटा किंवा वजावट तपासायची. आमचे स्टोअरचे मामा रिकामी रिळं काट्यावर ठेवत गेले आणि उलगडा झाला. रिळाचा आकार बदलला होता, नवं रीळ २०० ग्रॅमने जड होतं, आणि आवक घेताना आम्ही जुन्याच रिळाचं वजन वजा करत होतो. वर्षभर तसंच चाललं असतं तर ७० किलोच्या वर तांबं फक्त कागदावर राहिलं असतं. महिन्याअखेरीच्या मोजणीत पाच-सहा किलोंची तूट दिसली असती आणि संशय वाइंडिंगच्या मुलींवर गेला असता, हे आठवलं की मला आजही वाईट वाटतं.

साठ्याचंही तसंच. कामाच्या एका दिवसाला २४,००० रुपयांचं तांबं लागतं. पूर्वी आमच्याकडे ४० दिवसांची वायर पडून असायची, ९ लाख ६० हजारांची. सप्लायरकडून आठवड्याला गाडी ठरवून घेतली आणि साठा १० दिवसांवर आणला. ७ लाख २० हजार रुपये मोकळे झाले.

सी बद्दल एक गैरसमज मी जागोजागी पाहते. लोक सी मध्ये साठाही कमी करतात. कमी करायची ती मोजणी आणि कागद. साठा सढळ हवा. ओ-रिंगचा सहा महिन्यांचा साठा १२,००० रुपयांत येतो. आम्ही सुरुवातीला तिलाही काटकसरीने वागवलं आणि मे महिन्यात एक दिवस असेंब्ली थांबली. चार रुपयांच्या रिंगसाठी २० पंप उघडे पडले होते. त्यानंतर दोन डबे केले. पहिला संपला की त्याच्या तळाची चिठ्ठी खरेदीकडे जाते आणि दुसरा उघडतो. रोजची नोंद नाही, सही नाही. नटबोल्ट आणि नेमप्लेटही याच पद्धतीवर आहेत. खोके मात्र नाहीत, कारण सहा महिन्यांच्या खोक्यांना जागा नसते आणि पावसाळ्यात ते ओल धरतात. व्हार्निशला मुदत असते. म्हणजे सी मध्ये टाकलं तरी प्रत्येक वस्तूचा स्वभाव बघावाच लागतो.

बी वर्गाला महिन्यातून एकदा मोजणी आणि ठरलेल्या पातळीला ऑर्डर एवढं आम्हाला पुरतं.

या यादीला जे दिसतच नाही, तेही सांगायला हवं. वाइंडिंग मशीनचं कंट्रोल कार्ड दोन वर्षांत एकदाही लागलं नाही. खप शून्य, म्हणून वर्षाची रक्कम शून्य, आणि नाव यादीच्या अगदी तळाला. पण ते जळालं आणि हाताशी नसलं तर नवीन येईपर्यंत मोटर बनत नाहीत. दुरुस्तीच्या सुट्या भागांना म्हणून व्हीईडी लावतात: वस्तू नसली तर काम थांबतं, अडखळतं की चालून जातं, त्यावरून वर्ग. नव्या मॉडेलच्या भागांचंही मागचं वर्ष नसतं. त्यांचा खप बिल ऑफ मटेरियल आणि उत्पादनाची योजना यांवरून काढावा लागतो.

मशीनच्या असल्या भागांची आमच्याकडे वेगळी वही आहे. सध्या तिच्यात २३ वस्तू आहेत, आणि दर एप्रिलला नवी यादी काढताना मेंटेनन्सचे फोरमन आणि मी ती वही शेजारी घेऊन बसतो.