लाल ठिपका की स्कोप? पेनसिल्व्हेनियातल्या हरणांच्या मोसमाची माझी तयारी

भारतात 1972 च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकार बंद झाली, त्यामुळे पुण्यात वाढलेल्या माझ्यासारख्याला रायफल म्हणजे फक्त नेमबाजीची स्पर्धा. पेनसिल्व्हेनियात मात्र हरणांची शिकार दरवर्षी परवान्याने होते आणि रायफलीचा मोसम थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी सुरू होतो. परवान्यासाठी लागणारा हंटर एज्युकेशनचा कोर्स पूर्ण केला, .308 ची बोल्ट ॲक्शन रायफल घेतली, आणि तिच्यावर काय बसवायचं हा प्रश्न उरला. लाल ठिपक्याची साइट, म्हणजे रेड डॉट, की मोठं करून दाखवणारा स्कोप?

गन क्लबमधल्या एका जुन्या सदस्यांनी दोन्ही हाताळायला दिले. रेड डॉटमध्ये एक छोटा एलईडी असतो. त्याचा प्रकाश पुढच्या वक्र काचेवरून परावर्तित होऊन डोळ्यात येतो, त्यामुळे लांबवर एक लाल ठिपका तरंगताना दिसतो. काच काहीच मोठं करत नाही. दोन्ही डोळे उघडे ठेवायचे, ठिपका निशाण्यावर आणायचा, ट्रिगर दाबायचा. डोळा काचेच्या अगदी मधोमध नसला तरी चालतं. म्हणूनच स्वीडनच्या एमपॉइंट कंपनीने 1975 मध्ये आणलेली ही साइट युरोपातल्या हाकाऱ्याच्या शिकारीत रुजली. तिथे रानडुक्कर झाडीतून धावत येतं आणि नेमाला क्षणभरच मिळतो.

मला मात्र ठिपका गोल दिसेना. एका बाजूला शेपूट फुटल्यासारखा, स्वल्पविरामासारखा दिसत होता. साइट खराब आहे का, हे ओळखायची सोपी रीत त्यांनी दाखवली. (हे करण्याआधी रायफल रिकामी आहे हे दोघांनी तपासायचं, किंवा साइट काढूनच हातात घ्यायची.) मोबाईलचा कॅमेरा काचेमागे धरून फोटो काढला, तर फोटोत ठिपका नीट गोल. मग साइट हातात फिरवली, तर शेपूट होतं तिथेच राहिलं. म्हणजे दोष काचेत नाही, डोळ्यात आहे. माझ्या चष्म्यात सिलिंडरचा नंबर आहे आणि हे त्याचंच लक्षण. चष्मा लावला की शेपूट कमी होतं, ठिपक्याचा उजेड कमी केला की आणखी कमी होतं, पण पूर्ण जात नाही. असा नंबर असेल त्याने दुकानात स्वतः डोळा लावून पाहिल्याशिवाय रेड डॉट घेऊ नये. स्कोपमधली क्रॉसहेअर मात्र आयपीसची रिंग फिरवून आपल्या डोळ्याला स्वच्छ करून घेता येते.

तरी माझा निर्णय डोळ्यामुळे झाला नाही, हरणामुळे झाला. पेनसिल्व्हेनियात बहुतेक भागात नर मारायचा तर त्याच्या एका बाजूच्या शिंगाला ठराविक फाटे हवेत, साधारणपणे तीन. 100 यार्डांवर, झाडीआड, सूर्योदयाआधीच्या अर्ध्या तासात ते फाटे मोजायचे. ओळख पटवायला गळ्यातली दुर्बीण वापरायची, स्कोप नाही, कारण स्कोपने पाहायचं म्हणजे न ओळखलेल्या गोष्टीवर रायफल रोखायची. कोर्समध्ये हे फार कडक शिकवतात आणि ते योग्यच आहे. पण दुर्बीण खाली ठेवून रायफल खांद्याला लावली की तेच हरीण पुन्हा सापडायला हवं आणि नेमकी जागा दिसायला हवी. रेड डॉटमधून तिथे दिसते फक्त करडी आकृती. त्यातच ठिपक्याचा आकार, जो एमओए या कोनाच्या मापात सांगतात: 2 एमओएचा ठिपका 100 यार्डांवर साधारण दोन इंच जागा झाकतो, 6 एमओएचा सहा इंच. हरणाच्या छातीतली मर्मस्थानाची जागा आठेक इंचांची. त्यातले सहा झाकले गेले तर नेम धरायचा कशावर?

म्हणून 3-9x40 स्कोप घेतला. तीनपट ते नऊपट मोठं दाखवणारा आणि पुढची काच 40 मिलिमीटरची. या आकड्यांचा खरा उपयोग संधिप्रकाशात कळतो. पुढच्या काचेला पटीने भागलं की डोळ्यापर्यंत येणाऱ्या प्रकाशाच्या झोताची रुंदी मिळते. नऊपटीला ती साडेचार मिलिमीटरसुद्धा भरत नाही, पाचपटीला आठ. अंधूक उजेडात पट वाढवली की चित्र काळवंडतं, म्हणून पहाटे आणि सांजवेळी मी पट कमीच ठेवतो. तीनपटीला 100 यार्डांवर तीसेक फूट रुंदीचा पट्टा दिसतो, त्यामुळे हरीण चटकन सापडतं. नऊपटीला तो पट्टा दहा-बारा फुटांवर येतो आणि झाडीत नुसती खोडंच शोधत बसायला लागतं.

झिरो करताना, म्हणजे नेम धरला तिथेच गोळी पडेल असा स्कोप जुळवताना, घाई करायची नाही. पुढचा भाग वाळूच्या पिशवीवर टेकवून आधी 25 यार्डांवर, गोळी कागदावर पडतेय एवढं पाहायला. मग 100 यार्डांवर तीन गोळ्या. माझ्या गोळ्यांचा गट मध्यापासून तीन इंच खाली आणि दोन इंच उजवीकडे आला. स्कोपचा एक क्लिक 100 यार्डांवर पाव इंच सरकवतो, म्हणून बारा क्लिक वर आणि आठ डावीकडे. पुन्हा तीन गोळ्या, गट मध्यावर. एका गोळीवरून क्लिक फिरवायचे नाहीत. तीन एकत्र दिसल्या तरच दुरुस्तीला अर्थ. आणि तीन गोळ्या तीन दिशांना गेल्या तर स्कोपला हात न लावता आधी तो रायफलवर धरून ठेवणाऱ्या रिंगचे स्क्रू तपासायचे. चित्राच्या कडेला काळी चंद्रकोर दिसली तर डोळा मधोमध नाही असं समजायचं. डोळा स्कोपपासून साडेतीन इंच तरी मागे हवा, नाहीतर .308 चा धक्का भुवईवर येतो. असा झिरो धरला तर 200 यार्डांवर गोळी साधारण चार इंच खाली पडते, त्यापलीकडे मी नेम धरणार नाही.

स्पर्धेसाठी नेमबाजी करणाऱ्याने मात्र आधी नियमपुस्तक उघडावं. ऑलिम्पिकच्या रायफल प्रकारांत यातलं काहीच चालत नाही. मागे बारीक छिद्राची पीप साइट, पुढे रिंग. पॅरिसला 2024 मध्ये कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळेने 50 मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्य मिळवलं ते अशाच साइटवर, आणि तिथलं दहाचं वर्तुळ 10.4 मिलिमीटरचं असतं! घरचं कोणी त्या वाटेने जाणार असेल तर स्कोप आणि रेड डॉट दोन्ही दूर ठेवा. अमेरिकेतल्या पिस्तुलाच्या वेगवान स्पर्धांत रेड डॉट सर्रास दिसतो, आणि बेंचवरून कागदाला लहानात लहान गट मारणाऱ्यांना मोठ्या पटीचा स्कोप लागतोच.

अगदी नव्या माणसाला मी .22 रायफल आणि त्यावर रेड डॉट सुचवतो, 25 यार्डांवर. साध्या साइटला मागची खाच, पुढचा काटा आणि निशाणा असं तीन ठिकाणी लक्ष द्यावं लागतं. इथे ठिपका आणि निशाणा एवढंच. मोठ्या पटीत स्वतःचं थरथरणं मोठं दिसतं, मग नवा माणूस क्रॉसहेअर मध्यावरून जाताच ट्रिगर झटकतो. ती सवय नंतर सुटता सुटत नाही. आमच्या क्लबमध्ये माझ्या बायकोने रेड डॉटवर सुरुवात केली आणि पहिल्याच वेळी ट्रिगर सावकाश दाबायचं तिला जमलं. तिच्या चष्म्याला सिलिंडर नाही. माझ्यासारखा नंबर असेल तर .22 वर दोन-तीनपटीला ठेवलेला लहान स्कोप बरा.