आमची वाटचाल : ‘अस्सल घाणा’ ते ‘बुधली’

घाण्याच्या खोलीत खिळ्याला लेबलांचा एक गठ्ठा अडकवलेला आहे. त्याच्या पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर रोजचा हिशोब चालतो : किती शेंगदाणे घातले, तेल किती निघालं, पेंड किती पडली. कागद उलटा केला की मोठ्या अक्षरांत ‘अस्सल घाणा’ दिसतं. हे आमचं पहिलं नाव. अर्ध्या तासात ठरवलं आणि पुढचं वर्ष ते निस्तरण्यात गेलं.

आम्ही कराडजवळ लाकडी घाण्यावर शेंगदाण्याचं आणि तिळाचं तेल काढतो. पहिली दोन वर्षं नावाची गरजच पडली नाही. गावातले लोक स्वतःचे शेंगदाणे घेऊन यायचे, आम्ही तेल काढून द्यायचो आणि मजुरी घ्यायचो. मग पुण्यातल्या नातेवाइकांनी मागायला सुरुवात केली, त्यांच्या शेजाऱ्यांनी मागितलं, आणि आम्ही काचेच्या बाटलीवर आलो. बाटली आली की लेबल आलं आणि लेबल आलं की नाव. छापखान्यात बसूनच ठरवलं. आपण घाणेवाले, तेल अस्सल, झालं नाव!

ट्रेडमार्कचा अर्ज केला वर्ग २९ मध्ये, कारण खाद्यतेलं त्या वर्गात येतात. व्यक्तीला किंवा लघुउद्योगाला ऑनलाइन अर्जाची फी एका वर्गाला ४,५०० रुपये. काही महिन्यांनी पोर्टलवर अर्जासमोर Objected अशी पाटी दिसली. तपासणी अहवालात आक्षेप कलम ९ चा होता : हे नाव वस्तूचा प्रकार आणि गुण सांगणारं आहे, त्यामुळे ते कुणा एकाला देता येत नाही. उत्तराला ३० दिवस.

मला राग आला होता. आमच्या सल्लागार बाईंनी शांतपणे विचारलं, “उद्या पाटणचा एखादा घाणेवाला बाटलीवर ‘घाणा’ लिहायला लागला, तर तुम्ही त्याला अडवणार का?”

“कसं अडवणार? त्याचाही घाणाच आहे.”

“मग रजिस्ट्रीनं तरी का अडवावं?”

यावर बोलायला काही उरलं नाही. असं वर्णनाचं नावही मिळू शकतं, पण ते तुमच्याच मालाचं म्हणून लोकांच्या तोंडी बसलंय हे वर्षानुवर्षांच्या विक्रीच्या आणि जाहिरातीच्या कागदांनी दाखवावं लागतं. आमच्याकडे कागद होते आठ महिन्यांचे. लढण्यात अर्थ नव्हता, अर्ज सोडून दिला.

त्याच सुमारास ‘अस्सल’नं दुसरीकडून दगा दिला. शुद्ध, ताजं, नैसर्गिक, पारंपरिक, अस्सल अशा विशेषणांच्या वापराला एफएसएसएआयचे २०१८ चे जाहिरात आणि दाव्यांबद्दलचे नियम लागू होतात. असं विशेषण ब्रँडच्या नावातच असेल आणि त्यानं गिऱ्हाइकाची दिशाभूल होण्यासारखी असेल, तर लेबलवर किमान ३ मिलिमीटर अक्षरांत एक खुलासा छापावा लागतो. त्याचा मतलब असा की हे फक्त ब्रँडचं नाव आहे, मालाचं खरं स्वरूप त्यातून कळत नाही. म्हणजे वर ठसठशीत ‘अस्सल’ आणि खाली आपल्याच हातानं ‘अस्सल धरू नका’. लायसन्सचं काम बघणारा म्हणाला, आपलं तेल चांगलं आहे, कदाचित कुणी विचारणारही नाही. त्या ‘कदाचित’वर हजारो लेबलं छापायची माझी तयारी नव्हती.

आणि खरं सांगायचं तर ‘घाणा’ शब्दानंही आम्हाला रडवलं होतं. मराठी माणूस ‘घाण्याचं तेल’ म्हणतो तोवर ठीक. पण ‘कच्ची घानी’ ऐकून ऐकून पुण्यातली नवी पिढी ‘घाणीचं तेल’ म्हणते, आणि ते कसं ऐकू येतं हे मराठी वाचकाला समजवायला नको. रोमन अक्षरांत तर Ghana. एका बाईंनी फोन करून विचारलं, “आफ्रिकेहून मागवता का हो?”

दुसऱ्या खेपेला मात्र घरातले सगळे बसले. एक वही केली आणि महिनाभर जे सुचेल ते लिहीत गेलो. अट एकच, नाव दोन्ही तेलांना चाललं पाहिजे. मेहुण्यानं ‘शेंगतीळ’ काढलं. ऐकायला गोड, पण पहिल्याच माणसानं विचारलं, “दोन्ही मिसळून का?” मिश्र खाद्यतेल तेव्हा अ‍ॅगमार्कशिवाय विकता येत नव्हतं. आम्ही मिसळत नाही आणि नावानं तसा संशयही नको. ‘दिवेलागण’ बायकोला फार आवडलं होतं. पण एका दुकानदारानं कागदावरचं नाव वाचून तिळाच्या तेलाची नमुना बाटली सरळ उदबत्त्यांच्या शेजारी ठेवली. दिव्याचं तेल म्हणून जे विकलं जातं ते बहुतेक खायचं नसतं. त्या फळीवर बसलं की स्वयंपाकघराकडे परत येणं अवघड. ‘लाट’ माझं. घाण्याच्या उखळात फिरतो तो लाकडी दांडा म्हणजे लाट. पण साल होतं २०२१. ‘दुसरी लाट’, ‘तिसरी लाट’ रोज बातम्यांत. वहीतच खोडलं. संताजी जगनाडे महाराजांचं नावही कुणीतरी सुचवलं. चाकणचे तेली, तुकोबांचे अभंग जपणारे. आई म्हणाली, “रिकामी बाटली लोक कुठं टाकतात ते बघितलंयस ना?” विषय संपला.

सर्वांत जीव जडला होता तो ‘पहिली धार’वर. घाणा सुरू केला की आधी नुसता भुगा फिरत राहतो, मग तो चकाकायला लागतो, आणि एका क्षणी पन्हाळीतून तेलाची पहिली बारीक धार सुटते. रोज बघूनही त्या वेळी हातातलं काम थांबतं. त्यावरून नाव. मी खूश, छापखानेवाला खूश. बायकोनं फक्त बाटली उचलून दाखवली.

“अहो, काचेची बाटली, आत सोनेरी पातळ, आणि वर लिहिणार ‘पहिल्या धारेची’?”

आमच्या भागात पहिल्या धारेची म्हणजे काय हे लहान पोरालाही ठाऊक आहे. तरीही मी दोन दिवस अडून होतो. तिसऱ्या दिवशी पार्सलवाल्या पोरानं पेटीतल्या बाटल्यांचा खळखळाट ऐकून डोळा मारला. तेव्हा सोडलं.

या वहीत काचेच्या बाटलीनं आणखी एक कात्री लावली, जी आधी कुणाच्या डोक्यात नव्हती. आमची एक लिटरची बाटली गोल आहे, व्यास ८ सेंटिमीटर. म्हणजे घेर साधारण २५. पण समोर उभ्या माणसाला नीट वाचता येतो तो घेराचा तिसरा हिस्सा, आठेक सेंटिमीटर. बाकीचं कडेला वळून चपटं दिसतं. तेवढ्या पट्टीवर चार हातांवरून वाचता येईल अशी अक्षरं लिहून बघितली, तर चार-पाच अक्षरांच्या पुढचं नाव वळायला लागतं. ‘अस्सल घाणा’ दुकानाच्या फळीवर ‘स्सल घा’ दिसायचं, हे तेव्हा कळलं. देवनागरीत वरची वेलांटी आणि खालचा उकारही जागा खातात, त्यामुळे अक्षर नुसतं उंच करूनही भागत नाही. मग नियमच केला : वहीत नाव लिहिलं की कागदाची पट्टी कापायची, बाटलीला गुंडाळायची आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बघायचं. निम्मी वही या पट्टीनंच संपवली.

‘बुधली’ आईकडून आलं, तेही नाव शोधताना नाही. चंपाषष्ठीला देव्हारा आवरताना ती म्हणाली, “बुधलीत तेल घाल रे.” आमचं कुलदैवत पालीचा खंडोबा. देव्हाऱ्यात दिवटी-बुधली असते : दिवटी पेटवायची आणि बुधलीतून तिच्यावर तेल घालायचं. बुधली म्हणजे तेलाचं छोटं भांडं, बस. तेल कसलंही असो, शेंगदाण्याचं किंवा तिळाचं. आणि आमची बाटली तरी दुसरं काय आहे?

तीन अक्षरं, पट्टी गुंडाळली तर सहा सेंटिमीटरमध्ये मावली. तेलाशी नातं आहे, पण तेलाचा गुण सांगत नाही. घाणेवाल्यांपैकी कुणालाही आपला माल विकायला हा शब्द लागत नाही. सल्लागार बाईंना हेच हवं होतं. पूजेच्या फळीची भीती इथेही होती, म्हणून चित्रात दिवा किंवा भंडारा आणायचा नाही असं ठरवलं. नावाखाली ‘शेंगदाणा तेल’ किंवा ‘तीळ तेल’ ठळक, आणि बाजूला फोडणीची पळी.

या वेळी अर्जाआधी शोध घेतला. ट्रेडमार्कच्या साइटवर नावाचा सार्वजनिक शोध फुकट आहे. शब्दावरून आणि उच्चारावरून, दोन्ही प्रकारे वर्ग २९ मध्ये बघितलं. हुबेहूब काही नव्हतं. सुरुवातीची दोन अक्षरं पुण्यातल्या वेफर्सच्या एका जुन्या नावाशी जुळतात, आणि वेफर्सही याच वर्गात. बाईंचं मत पडलं की शेवट वेगळा, अर्थ वेगळा, माल वेगळा, पण जर्नलमध्ये प्रसिद्ध झाल्यावर चार महिने कुणीही हरकत घेऊ शकतं हे धरून चाला. नाव देवनागरीत असल्यानं अर्जात त्याचं रोमन लिप्यंतर आणि अर्थ द्यावा लागला. ‘तेलाचं छोटं भांडं’ एवढंच लिहिलं.

नोंदणी होईपर्यंत ® लावता येत नाही, म्हणून नावाशेजारी ™ आहे. आणि नाव आता कागदावर नाही, काचेवरच छापून घेतो. तेलकट हातानं कागदी लेबल महिन्याभरात डागाळतं आणि सुटतं. काचेवर फक्त ‘बुधली’, त्यामुळे दोन्ही तेलांना एकच बाटली चालते. तेलाचं नाव, बॅच, तारीख, किंमत, १ लिटर आणि त्याचं वजन ९१० ग्रॅम, हे सगळं खालच्या लेबलवर. आधी दोन तेलांच्या बाटल्यांचा साठा वेगळा ठेवावा लागायचा, ती कटकट गेली.

तरुण गिऱ्हाइकांना शब्द माहीत नसतो. “बुधवारीच मिळतं का?” असं एकानं मनापासून विचारलं. रोमन अक्षरांत वाचणारे ‘बुडली’ म्हणतात, आणि धंदेवाल्याला ते ऐकवत नाही. त्यावर माझ्याकडे उपाय नाही. फोन आला की मीच आधी म्हणतो, “बुधली, धनुष्यातला ध.”

परवा एकजण रिकाम्या बाटल्या परत द्यायला आला होता. चार आणल्या, पाचवी नाही. त्याच्या आजीनं ठेवून घेतली होती, देवाजवळ तेल ठेवायला.