शेऱ्याच्या रकान्यातला 'आ'

आमचे गुरुजी 31 मे 2024 ला निवृत्त झाले. कागदोपत्री जन्मतारीख 1 जून 1966. महिन्याच्या एक तारखेला जन्मलेला माणूस आधीच्या महिन्याच्या शेवटच्या दिवशीच निवृत्त होतो, म्हणून 31 मे. आमच्या बीड जिल्ह्यात त्या दिवशी गावोगाव शाळांत मांडव पडलेले असतात, कारण त्या पिढीची कितीतरी पोरं त्यांच्या त्यांच्या गुरुजींनी 1 जूनला जन्माला घातलेली. आईबापाला तारीख सांगता यायची नाही. मग शाळा उघडायच्या सुमाराला वय भरेल अशी तारीख गुरुजीच टाकायचे.

गुरुजींसोबत दोनशिक्षकी शाळेत मी सहा वर्षं काढली. समारंभात बोलायचं मलाच होतं. मानपत्रातली तीच ती विशेषणं मला वाचायची नव्हती. छत्तीस वर्षांत गुरुजींच्या हाताखालून गेलेल्या सगळ्या पोरांचं मिळून एकच पोर उभं करायचं, आणि ते पोर गावासमोर आणायचं, असं मनात होतं.

सुरुवात चुकली. माजी विद्यार्थ्यांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे, तिथं मी माहिती मागितली. पंधरवड्यात साठ-सत्तर जणांनी कळवलं. पोलीस, नर्स, फौजी, चाकणला कंपनीत कायम झालेले दोघं-तिघं, एक तलाठी. त्यावरून जे पोर तयार झालं, ते गुबगुबीत, हुशार, नोकरीला लागलेलं. वाचून बघितलं तर मला ते अनोळखी वाटलं. माझ्या वर्गात तर असं एखादंच असतं. ज्याचं बरं झालं, तोच ग्रुपवर बोलतो, हे तेव्हा ध्यानात आलं.

मग जनरल रजिस्टर, म्हणजे शाळेत दाखल झालेल्या प्रत्येक पोराची नोंद असलेली वही. हजेरीचे कॅटलॉग काही वर्षांनी निकाली निघतात किंवा वाळवी खाते. जनरल रजिस्टर मात्र कायम जपावं लागतं. गुरुजींच्या सेवापुस्तिकेवरून तीन शाळा आणि सालं काढली: पहिली शाळा 1988 ते 1999, दुसरी 1999 ते 2018, तिसरी आमची. वर्गशिक्षक कोण होता हे रजिस्टर सांगत नाही. पण गुरुजींनी पहिलीचा वर्ग कधी सोडला नाही, हे तिन्ही गावांत माहीत होतं. म्हणजे त्या त्या सालात पहिलीत दाखल झालेलं प्रत्येक नाव त्यांचं. एप्रिलच्या रविवारी मी त्या दोन शाळांच्या मुख्याध्यापकांना किल्ल्या घेऊन बोलावलं, त्यांनी कुरकुर न करता कपाटं उघडली. सगळी मिळून 612 नावं वहीत उतरवली.

रजिस्टरचा एकेक रकाना वर्षांबरोबर कसा बदलत जातो, हे असं सलग उतरवल्याशिवाय दिसत नाही. पहिल्या शाळेत निम्म्याहून जास्त पोरं 1 जूनची. आमच्या शाळेत तशी एक-दोनच, कारण आता दवाखान्याचा जन्मदाखला येतो. आईच्या नावाचा रकाना जुन्या पानांवर नाहीच, 2000 च्या आसपासपासून तो भरलेला दिसतो. जन्मस्थळ म्हणजे आधी सरसकट गावाचं नाव, पुढे तालुक्याचं. मधूनच सांगली, कोल्हापूर, बेळगाव जिल्ह्यांतली गावं. ती पोरं कारखान्याच्या तळावर, कोपीत जन्मलेली. आईबाप ऊस तोडायला गेलेले असताना.

शाळेच्या पोराचं सगळं या एका गोष्टीभोवती फिरतं. दसरा झाला की टोळ्या भरतात, दिवाळीच्या आगेमागे ट्रक-ट्रॅक्टर निघतात, आणि माणसं परततात पाडव्याच्या सुमाराला. तोवर पोराचं एक सत्र गेलेलं असतं. दुसऱ्या शाळेतले वाचलेले कॅटलॉग घेऊन मी हजेरीची सरासरी काढली. वर्षाला साधारण दीडशे दिवस आली. मग दीडशेच्या जवळ हजेरी असलेलं पोर कुठलं म्हणून शोधायला गेलो, तर एकही सापडेना. एक ढीग दोनशेच्या वरचा, एक शंभराच्या आसपासचा, मधे मोकळं रान. सरासरीनं काढलेलं पोर कुणाच्याच घरात राहत नव्हतं. तेव्हा सरासरी सोडली आणि ठरवलं की पोर एकच ठेवायचं, पण त्याला दर सात-आठ वर्षांनी पुन्हा पहिलीत बसवायचं, आणि ज्या ढिगात जास्त पोरं त्या ढिगातलं त्याला धरायचं.

रजिस्टरात पेन्सिलीच्या खुणाही होत्या, आता त्यांच्याकडे येतो. शेऱ्याच्या रकान्यात गुरुजींच्या बारीक अक्षरात कुठं 'को' होतं, कुठं 'आ', अलीकडच्या वर्षांत 'व'. को म्हणजे कोयत्यावर, आईबापाबरोबर ऊसतोडीला गेलेलं पोर, हे आमच्याकडे सांगावं लागत नाही. व म्हणजे हंगामी वसतिगृह, कारण या खुणा गावात वसतिगृह सुरू झाल्यावरच येऊ लागतात. आ चा अर्थ मी आजारी असा लावला. समारंभापर्यंत काही कळू द्यायचं नव्हतं, म्हणून गुरुजींना विचारलं नाही. एक गोष्ट खटकली होती. कॅटलॉगमध्ये आ वाली पोरं हिवाळाभर हजर दिसत होती. पुढे बरी झाली असतील, असं म्हणून मी पान उलटलं. तिथंच थांबायला हवं होतं.

समारंभाला तिन्ही गावांची माणसं आली. सुट्टी असूनही व्हरांडा भरला, बाया कडुनिंबाखाली बसल्या. फेटा बांधला, शाल-श्रीफळ झालं, केंद्रप्रमुख बोलले. त्यांना अजून दोन ठिकाणी जायचं होतं. मग मी वाचायला उभा राहिलो.

"1990. गुरुजी, तुमचं पोर पहिलीत आलं आहे. जन्म 1 जून, तुमच्याच तारखेला. आईचं नाव लिहायला जागा नाही. हातात दगडी पाटी, कोपरा फुटलेला. खडू-फळा योजनेतून शाळेला दुसरा शिक्षक मिळाला, म्हणून या वर्षी चार इयत्ता एकाच खोलीत नाहीत.

"1997. तेच पोर पुन्हा पहिलीत. ऐंशी टक्के हजेरी भरली तर महिन्याला तीन किलो तांदूळ मिळतो. पोर पिशवी घेऊन येतं. दिवाळीनंतर पिशवी येत नाही. बापाबरोबर गेलं तर हजेरी नाही, हजेरी नाही तर तांदूळ नाही."

इथवर माणसं गप्प ऐकत होती. तांदळाच्या वेळी बायांमध्ये कुजबुज झाली. मी पुढचं वाक्य वाचलं: "आणि जे पोर गेलं नाही, ते हिवाळाभर आजारी. शेऱ्यात तुम्ही आ लिहिलं आहे, इतक्या वेळा, की वाटतं त्या गावात औषध पोचतच नव्हतं."

गुरुजींनी खुर्चीतून हात वर केला. वर्गात एखाद्याला थांबवायला करायचे, तसाच.

"सर, आ म्हणजे आजारी नाही. आ म्हणजे आजी."

मला कळायच्या आत कडुनिंबाखालून एक म्हातारी बोलली, "व्हय की. माझ्याकडं तीन लेकरं ठिवली व्हती. गुर्जी रोज सकाळी दारातून हाक मारायचे, म्हातारे, धाड त्यांना."

मग गुरुजींनी बसूनच सांगितलं. दसऱ्याला टोळ्यांना आगाऊ पैशांची उचल वाटली गेली की ते संध्याकाळी घरोघर जायचे. घरात म्हातारं माणूस मागं राहणार का, एवढंच विचारायचे. राहणार असेल तर आईबापाशी बोलायचे, पोर ठेवून जा. जिथं जमलं, तिथं शेऱ्यात आ. पण मोठी पोरगी धाकट्याला सांभाळायला लागते, तिथं जमायचं नाही, म्हणाले. तिथं को. म्हाताऱ्या माणसाला दोन पोरांपेक्षा जास्त झेपत नाहीत, त्यामुळे तीन असली तर एक जायचंच. हिच्याकडं तिन्ही राहिली, म्हणून ही लक्षात आहे.

माझ्या हातातले कागद आता निम्मे चुकीचे होते. थंडीतला खोकला, कफ, गवती चहाचा काढा, असं बरंच मी त्या पोराच्या नावावर लिहून ठेवलं होतं. ते सगळं सोडलं आणि वहीतली यादी उघडून पुढचं तोंडीच बोललो. पोराला आजीच्या घरी नेलं. 2005 मध्ये त्याच्या आईचं नाव रजिस्टरात आलं, पण आई घरात सहा-सात महिनेच. सकाळी हाक मारणारे गुरुजी, तव्यावरची भाकरी, दुपारी शाळेतली खिचडी. मग पुढच्या खेपेला आ कमी होऊन व वाढत जातो. शाळेतच वसतिगृह, संध्याकाळचं जेवण तिथं, झोपायला आजीकडं. बोलता बोलता मी खुणा मोजत होतो. आ आणि व मिळून को पेक्षा जास्त भरले. ढिगात जास्त पोरं ती, म्हणून तेच पोर खरं धरलं. शेवटी ते चौथी पास होऊन दाखला घेतं आणि पुढच्या शाळेला जातं, एवढं बोलून मी बसलो. ती म्हातारी पदरानं डोळे पुसत होती. गुरुजी खाली मान घालून फेट्याचा शेमला चाळवत होते.

पंगत उठल्यावर चार्ज द्यायचं काम राहिलं होतं. किल्ल्या, जडवस्तू नोंदवही, जनरल रजिस्टर, एकेकाची सही. सही करता करता गुरुजींनी विचारलं, "दाखला घेऊन गेलं म्हणालात. ज्यांनी दाखला नेलाच नाही, त्यांचं काय केलं?"

मी वही उघडली. चौदा नावांपुढे शाळा सोडल्याचा दिनांक कोरा होता. ती पानं उतरवताना मी त्यांच्यापुढे 'नोंद अपूर्ण' असं लिहिलं होतं आणि शेवट लिहिताना ती धरली नव्हती. चौदाही को.

"अपूर्ण नाही ती," गुरुजी म्हणाले. "नियमानं सतत गैरहजर लिहून नाव कमी करायला पाहिजे होतं. मी केलं नाही. पाडव्याला येतील म्हणून ठेवली. मग दुसऱ्या पाडव्याला येतील म्हणून."

त्यांनी वही घरी नेली. 15 जूनला शाळा उघडली, तेव्हा पहिलीत नऊ पोरं दाखल होत होती, आणि गुरुजी फाटकाशी उभे होते. वही परत द्यायला आलेले. चौदापैकी अकरा नावांपुढे पेन्सिलीनं लिहिलं होतं. सात अजून कोयत्यावरच, त्यातल्या दोघी आता स्वतः टोळीत सासू म्हणून. एक मुकादम झालेला. एक कर्नाटकात कारखान्याजवळच घर करून राहिलेला. एक फडातच ट्रॉलीखाली गेला, 1994. एकीचं लग्न तेराव्या वर्षी झालं, पुढचं कळलं नाही.

तीन ओळी कोऱ्या होत्या. "दसऱ्याला टोळ्या भरतील तेव्हा मुकादमांना विचारा," गुरुजी म्हणाले, "बापाच्या नावानं विचारा, पोराच्या नावानं कुणी ओळखत नाही." मग आत येऊन त्यांनी नव्या नऊ पोरांची नावं विचारली आणि प्रत्येकाला एकच प्रश्न केला, घरी आजी आहे का.